साध्या माणसांच्या ओळीत : शालोम अलेखेम यांचा अखेरचा निरोप

आपल्याकडे कुणी वारले की हजान हशकाबा म्हणतात, मुलगा कद्दीश म्हणतो आणि मंडळी आमेन म्हणतात. त्यातला हिब्रू शब्दन् शब्द कळणारे कितीजण असतात, हे आपण सारेच जाणतो. म्हणून जारतीच्या दिवशी घरातले एखादे वडीलधारे उठून मराठीत दोन शब्द बोलतात, आणि बायकांच्या डोळ्यांना पदर लागतो तो बहुधा त्या वेळी. हे दोन शब्द कसे निवडावेत, याचा फार विचार केलेला एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. आज त्याची हकिगत सांगतो.

त्याचे खरे नाव शालोम राबिनोविच. 1859 साली युक्रेनमधल्या पेरेयास्लाव गावी जन्मला आणि 'शालोम अलेखेम' या नावाने लिहू लागला. आपण ज्या शब्दांनी एकमेकांना भेटतो तेच शब्द त्याने नाव म्हणून घेतले. तेव्या दूधवाल्याच्या गोष्टी त्याच्याच. त्या यिद्दिश भाषेत आहेत. ती लिहायची हिब्रू अक्षरांत, पण बोलीत शब्द जर्मन, स्लाव आणि हिब्रू असे मिसळलेले. विद्वान मंडळी तिला बायकांची भाषा म्हणत, कारण पुरुषांनी हिब्रूत तोरा शिकावी आणि बायकांनी घरात यिद्दिश पुस्तके वाचावीत, अशी रीत होती. आपल्या पूर्वजांसाठीही पेसाहची हगादा 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात मराठी अर्थासह छापावी लागली होती, तेव्हा ही अडचण आपल्याला परकी नाही.

पहिले महायुद्ध पेटल्यावर, 1914 च्या अखेरीस, तो न्यूयॉर्कला आला. प्रकृती ढासळलेली, पैशाची ओढाताण. पुढच्या वर्षी मोठा मुलगा मीशा कोपनहेगनला वारला. तो धक्का त्याला सोसवला नाही. त्या वर्षीच्या योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी, 19 सप्टेंबर 1915 रोजी, त्याने मृत्युपत्र लिहायला घेतले. इस्टेट अशी फारशी नव्हतीच. आपला निरोप कोणी, कुठे आणि कोणत्या शब्दांत घ्यावा, यालाच त्या कागदात मोठी जागा आहे.

पहिले कलम असे, की मरण कुठेही येवो, मला श्रीमंत-नामवंतांत पुरू नका. साध्या यहुदी कामगारांत, खऱ्या लोकांत पुरा. म्हणजे माझ्या दगडाने त्यांच्या कबरींना शोभा येईल आणि त्यांच्या साध्या कबरींनी माझ्या दगडाला. दुसरे कलम दगडावरच्या मजकुराचे. पदव्या नकोत, स्तुती नको. एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला त्याने स्वतः यिद्दिशमध्ये लिहून ठेवलेला लेख, एवढेच.

हा लेख त्याने दहा वर्षे आधी, 1905 मध्येच, रचला होता. तो आम्ही येथे उतरवत नाही, पण त्यातल्या शब्दांची निवड समजून घेण्यासारखी आहे. आपल्या कबरींवर वर पे-नून ही दोन हिब्रू अक्षरे असतात, म्हणजे 'येथे पुरला आहे'. कबरस्तानात येणाऱ्या शिवणकामाच्या बाईला ती अक्षरे ओळखता येतील, पण त्यांचा अर्थ लागेलच असे नाही. त्याने ते सूत्र तसेच ठेवले, फक्त ते तिच्या बोलीत म्हटले: येथे अमुक पडला आहे. मग तो स्वतःला काय म्हणतो? गुरू नाही, विद्वान नाही. एक यहुदी, आणि तोही 'पोशेतर'. इस्राएलात राहणाऱ्या वाचकांना हा शब्द लगेच ओळखू येईल. आपण रोज 'पशूत' म्हणतो तोच हा, साधा. पुढे तो सांगतो की बायकांसाठी यिद्दिश लिहिले आणि सामान्य लोकांना हसवणारा लेखक होता. विद्वानांनी ज्या शब्दाने हिणवले तोच शब्द त्याने आपल्या दगडावर मानाने कोरून घेतला. आणि अखेरीस एकच दुःख सांगितले, की लोक हसत होते तेव्हा मी आत कण्हत होतो आणि हे देवाखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

येथे एक गोष्ट पाहा. सोपे करायचे म्हणून त्याने हिब्रू शब्द काढून टाकले नाहीत. घरात चुलीपाशी रोज बोलले जाणारे हिब्रू शब्द राहिले, पोथीतले तेवढे गेले. आपल्या मराठीतही शब्बाथ, बेराखा, कद्दीश हे शब्द कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. अडखळायला होते ते 'दिवंगत आत्म्यास चिरशांती लाभो' या ठिकाणी. आम्ही एकदा कारखान्यातल्या एका बांधवाच्या शोकसभेला बसलो होतो. बोलणाऱ्यांनी त्यांना 'कर्तव्यनिष्ठ' आणि 'ऋजुस्वभावी' म्हटले. मागच्या ओळीतले त्यांचे सोबती जमिनीकडे पाहत राहिले. मग त्यांच्यातलाच एकजण उठला आणि म्हणाला, "मशीन अडलं की आम्ही ह्यालाच हाक मारायचो. हा कधी 'नंतर येतो' म्हणाला नाही." आणि तो खाली बसला. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

शालोम अलेखेम शनिवारी, 13 मे 1916 रोजी, इय्यार महिन्याच्या 10 तारखेला, ब्राँक्समधल्या केली स्ट्रीटवरच्या घरी वारला. वय 57. सोमवारी अंत्ययात्रा निघाली. कामाचा दिवस असूनही लाखाहून अधिक लोक रस्त्यांवर आले. त्या काळी न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत कापणारे, शिवणारे, इस्त्री मारणारे बहुतेक यहुदी आणि इटालियन होते. लहानपणीच कामाला लागल्यामुळे शाळा थोडी, पण यिद्दिश गोष्टी त्यांनी वाचलेल्या तरी होत्या, नाहीतर ऐकलेल्या तरी. हार्लेममध्ये ओहाब झेदेक सिनेगॉगपाशी यात्रा थांबली आणि तिथल्या प्रसिद्ध हजान योसेले रोझेनब्लाट यांनी एल मालेह राहमीम म्हटले. पुढे यात्रा ईस्ट साइडच्या कामगार वस्तीतून कबरस्तानाकडे गेली. भाषणे झाली, मोठे लेखक आणि पुढारी बोलले. पण लोकांच्या तोंडी राहिले ते त्याचे मृत्युपत्र. न्यूयॉर्क टाइम्सने ते इंग्रजीत छापले आणि पुढे ते अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदीतही घेतले गेले.

मृत्युपत्रातले शेवटचे शब्द मुलांसाठी आहेत. आईला जपा, तिचे म्हातारपण गोड करा, माझ्यासाठी रडू नका, आपसात वैर धरू नका, अडचणीत एकमेकांना हात द्या, गरिबाची दया करा आणि जमले तर माझी कर्जे फेडा. यातले एकही वाक्य अंगठा लावणाऱ्या माणसाला अडत नाही. आणि कर्जाचा उल्लेख दडवलेला नाही, हे आम्हाला विशेष वाटते. निरोपाच्या भाषणात आपण नेमकी अशीच गोष्ट गाळतो. ज्याने भाड्याची तारीख चुकवली आहे त्याला मात्र त्या वाक्यात आपला माणूस भेटतो.

पहिले दफन क्वीन्समध्ये माउंट नीबो कबरस्तानात झाले. 1921 मध्ये त्याला जवळच्या माउंट कार्मेलमध्ये हलवले. तिथली जागा 'आर्बेटर रिंग' या कामगारांच्या मंडळाची. आजारात मदत आणि मेल्यावर दोन हात जमीन यासाठी सभासद वर्गणी भरत. पहिले कलम असे उशिरा का होईना पुरे झाले.

कद्दीशबद्दलही त्याने लिहून ठेवले आहे. मुलगा-जावयांनी म्हणावी, पण कोणाला वेळ नसेल किंवा श्रद्धा आड येत असेल तर मुली, नातवंडे आणि मित्रांसह एकत्र बसून हे मृत्युपत्र वाचावे आणि माझी एखादी चांगली हसवणारी गोष्ट, सर्वांना कळेल त्या भाषेत, वाचावी. आपल्या वाचकांतल्या धर्मनिष्ठांना कद्दीशची ही सूट रुचणार नाही, आम्हालाही थोडी खटकली. पण 'सर्वांना कळेल त्या भाषेत' हे शब्द त्याने स्वतःच्या लाडक्या यिद्दिशलासुद्धा बाजूला सारून लिहिले. नातवंडे इंग्रजी बोलणार, हे त्याने ओळखले होते. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या घरच्यांनी ही रीत पुढे वर्षानुवर्षे चालवली: आधी मृत्युपत्र, मग गोष्टी. ऐकणारे हसत असत.