तळटीप : पेट्रींची तीन इंची दुर्बीण

* विल्यम पेट्री यांनी १७८६ मध्ये एग्मोरला उभारलेल्या खासगी वेधशाळेत तीन इंची दुर्बिणी होत्या. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. दुर्बीण उजेडाकडे धरून हातभर अंतरावरून पाहिल्यास नेत्रिकेत तेवढाच गोल कवडसा दिसतो. ७६ मिलिमीटरच्या भिंगाला १० पट वर्धन दिले, तर शलाका ७.६ मिलिमीटर भरते. उतारवयात मात्र अंधारातही बाहुली जेमतेम ५ मिलिमीटर उघडते. बाकीचा प्रकाश बुबुळावर वाया जातो आणि भिंग जणू ५० मिलिमीटरचेच उरते. वर्धन ७६ पट केले, की शलाका १ मिलिमीटर. त्याच डोळ्याला चंद्राचा पृष्ठभाग आता नुसत्या डोळ्यांनी दिसतो त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका उजळ. तारे बिंदूवत् असल्याने त्यांना हा हिशेब लागू नाही. — संपादक