पहिला गेमिंग कन्सोल : अमरावती-अकोल्यातील निवड

टीव्हीला जोडून कंट्रोलरने खेळ खेळण्यासाठी बनवलेले स्वतंत्र यंत्र म्हणजे गेमिंग कन्सोल. मोबाइलवर बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळणारे तेरा-चौदा वर्षांचे मूल कन्सोल मागू लागते, तेव्हा घरापुढे मुख्यतः दोन कंपन्यांची यंत्रे असतात : सोनीचे प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एस किंवा एक्स. एक्सबॉक्सची ही पिढी भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा सिरीज एसची किंमत ३४,९९० रुपये होती. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आले. त्याची बारीक बांध्याची ‘स्लिम’ आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, ती सीडी ड्राइव्हसह ५४,९९० आणि ड्राइव्हशिवाय ४४,९९० रुपयांना. भाव बदलत राहतात, म्हणून खरेदीच्या दिवशीचा भाव पाहावा. निन्टेन्डोचे स्विच भारतात कंपनी स्वतः विकत नाही. दुकानात दिसते ते आयात केलेले असते आणि त्याला भारतात कंपनीची वॉरंटी नसते. वऱ्हाडातल्या घराने पहिला कन्सोल म्हणून ते घेऊ नये, कारण बिघाड झाल्यास दाद मागायला कोणी उरत नाही.

खेळ घरात कसा येणार

यंत्राच्या ताकदीची तुलना बहुतेक लोक आधी करतात. अमरावती किंवा अकोल्यात मात्र पहिला प्रश्न हा असावा की खेळ सीडीवरून येणार की इंटरनेटवरून. स्टोरेज किती लागेल, खर्च किती होईल आणि दुकानदार कोणता निवडायचा, हे सगळे या एका उत्तरावर ठरते.

सिरीज एसला सीडी ड्राइव्ह नाही आणि नंतर बसवताही येत नाही. त्यावरचा प्रत्येक खेळ डाउनलोड करावा लागतो. प्लेस्टेशन ५ स्लिमचा ड्राइव्हशिवायचा प्रकार घेतला, तर ड्राइव्ह पुढे वेगळा विकत घेऊन जोडता येतो. तो पहिल्यांदा जोडताना यंत्र इंटरनेटवर असावे लागते.

आज मोठा खेळ ५० ते १०० जीबीचा असतो. ७० जीबीचा खेळ धरला, तर ५० एमबीपीएसच्या फायबर कनेक्शनवर तो पूर्ण वेगाने उतरायला साधारण तीन तास लागतात. घरी फायबर नसेल आणि वडिलांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा २ जीबी डेटाच असेल, तर त्याच खेळाला पस्तीस दिवस लागतील. अशा घरात सिरीज एस कितीही स्वस्त मिळाला, तरी तो घेण्यात अर्थ नाही.

सीडी असली म्हणजे इंटरनेट लागतच नाही असेही नाही. सीडीवरचा बराचसा खेळ यंत्रात उतरवला जातो आणि खेळताना सीडी आत ठेवावी लागते. वर अपडेट येतात, ते काही जीबींचे असतात. पण एका खेळाचे मूळ ओझे सीडी उचलते. शिवाय खेळून झालेली सीडी विकता येते किंवा मित्राला देता येते. डाउनलोड केलेला खेळ खात्याला चिकटलेला असतो, तो विकता येत नाही. पाच हजारांच्या आसपासचा नवा खेळ संपवून अर्ध्या किमतीत विकला, तर वर्षाच्या तीन-चार खेळांत मोठी बचत होते. तीन-चार मित्रांकडे प्लेस्टेशन असेल, तर मुलाची खेळांची यादी मित्रांच्या कपाटांतूनच भरते.

उलट, घरी चांगले फायबर असेल आणि मूल एका खेळाला चिकटून न राहता सतत नवे काही चाखणारे असेल, तर सिरीज एस आणि गेम पास ही जोडी खर्चाला हलकी पडते. गेम पास म्हणजे मासिक वर्गणीत अनेक खेळ. वर्गणी थांबली की ते खेळ बंद होतात, हे मुलाला आधीच सांगावे.

कोणते खेळ

मुलाला आवडणाऱ्या पाच खेळांची नावे कागदावर लिहून घ्यावीत आणि ती दोन्ही यंत्रांच्या स्टोअरवर शोधावीत. बीजीएमआय कन्सोलवर नाही. त्याचा मोठा भाऊ पबजी : बॅटलग्राउंड्स आहे आणि तो मोफत आहे. फोर्टनाइटही मोफत आहे. फुटबॉल, माइनक्राफ्ट आणि बिग अँट स्टुडिओचे क्रिकेट दोन्हींकडे मिळते. सोनीचे स्पायडर-मॅनसारखे खेळ मात्र एक्सबॉक्सवर नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ दोन्ही कन्सोलवर चालतो. राजस्थानी वास्तूंच्या छटा असलेला हा खेळ पहिल्या महिन्यासाठी उत्तम आहे आणि आटोपशीरही आहे.

यादीत जीटीए ५ असणारच. युरोपातील पेगी या मानकानुसार तो १८ वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे. भारतात खेळांना सिनेमासारखे सरकारी प्रमाणपत्र नसते, म्हणून डब्यावरची पेगी किंवा अमेरिकेतील ईएसआरबीची खूण हाच आधार. चौदा वर्षांच्या मुलाने त्याऐवजी दुसरा खेळ निवडावा, असे माझे मत आहे.

स्टोरेज

सिरीज एसच्या ५१२ जीबीच्या आवृत्तीत प्रत्यक्ष वापराला सुमारे ३६४ जीबी मिळतात, म्हणजे ७० जीबीचे पाच खेळ. प्लेस्टेशन ५ स्लिमच्या १ टीबीत सुमारे ८४० जीबी मिळतात, म्हणजे बारा. फायबर असलेल्याला जागा कमी पडली तरी चालते : खेळ काढायचा, पुन्हा उतरवायचा. हॉटस्पॉटवाल्याला काढलेला खेळ परत आणणे परवडत नाही, म्हणून जागेचा खरा उपयोग त्यालाच आहे.

जागा वाढवताना चुका होतात. यूएसबी हार्ड डिस्कवर प्लेस्टेशन ५ चे खेळ ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. ती जुन्या प्लेस्टेशन ४ च्या खेळांसाठी उपयोगी आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये आतल्या खाचेत एम.२ एनव्हीएमई प्रकारची चौथ्या पिढीची एसएसडी बसते. सोनी सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून अधिक वाचनगती सुचवते, आणि हीटसिंक आवश्यक आहे. संगणक दुरुस्तीच्या दुकानात तिसऱ्या पिढीची स्वस्त एसएसडी पुढे केली जाते, ती चालत नाही. योग्य एसएसडी बसवून फॉरमॅट केली की यंत्र वाचनगतीचा आकडा पडद्यावर दाखवते, त्यावरून खात्री करता येते. एक्सबॉक्सला मागे बसणारे स्वतःचे विस्तार कार्ड लागते, साधी एसएसडी नाही.

उन्हाळा

प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिले आहे. एप्रिल-मे महिन्यांत अकोला ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा बंद टीव्ही-कपाटात ठेवलेले यंत्र तापून इशारा देते किंवा बंद पडते. ते कपाटाबाहेर, मागे मोकळी जागा सोडून ठेवावे, जाळीवरची धूळ दर पंधरवड्याला काढावी आणि दुपारी कूलर किंवा एसी नसलेल्या खोलीत चालवू नये. वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर जोड घ्यावी, कारण खेळ सेव्ह होताना वीज गेली तर सेव्ह फाइल बिघडू शकते.

पालकांचे नियंत्रण

बहुतेक घरांत यंत्र मूलच जोडते आणि खातेही तेच उघडते, जन्मवर्ष मागे ढकलून. तिथेच नियंत्रण संपते, कारण प्रौढ म्हणून नोंदलेल्या खात्यावर मुलांसाठीच्या मर्यादा लागू करता येत नाहीत. म्हणून डबा उघडण्याआधी आई किंवा वडिलांनी स्वतःच्या ईमेलने प्रौढ खाते काढावे, आणि त्याखाली मुलाचे खाते खऱ्या जन्मतारखेसह जोडावे. खात्याचा देश भारत ठेवावा. प्लेस्टेशनवर तो नंतर बदलता येत नाही, आणि दुसऱ्या देशाचे गिफ्ट कार्ड भारतीय खात्यावर चालत नाही.

मग प्लेस्टेशनच्या Settings मधील Family and Parental Controls येथे मुलाच्या खात्यासाठी खेळाची वयमर्यादा, खर्चाची मासिक मर्यादा आणि अनोळखी लोकांशी बोलणे ठरवावे. खर्च शून्य ठेवावा. पालकांचे कार्ड यंत्रात साठवू नये. एखादा खेळ वयमर्यादेमुळे अडला, तर मूल परवानगीची विनंती पाठवू शकते आणि पालक फक्त त्याच खेळाला सूट देऊ शकतात.

वेळेची मर्यादा लावताना एक सेटिंग सुटून जाते. वेळ संपल्यावर काय व्हावे याला दोन पर्याय असतात : Notify Only आणि Log Out of PS5. पहिला निवडला, तर पडद्यावर सूचना येते आणि खेळ तसाच चालू राहतो. त्याच भागात PS5 Console Restrictions असतात. तिथे नवे वापरकर्ते बनवणे आणि पाहुण्याने लॉगिन करणे बंद करावे, नाही तर मूल दुसरे खाते काढून मर्यादेबाहेर जाते. या भागाचा मूळ पासकोड 0000 असतो आणि मुलांना तो माहीत असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. मर्यादा लागली आहे का हे पाहण्यासाठी एका संध्याकाळी मुलासमोरच थोड्या वेळाची मर्यादा लावून बघावी. एक्सबॉक्सवर हेच काम फोनवरच्या एक्सबॉक्स फॅमिली सेटिंग्ज या ॲपवरून होते.

दुकान आणि बिल

समजा, अमरावतीतील एका घराचे एकूण बजेट ५५ हजार आहे आणि घरी फायबर नाही. राजकमल चौकाजवळच्या दुकानात ड्राइव्हवाला प्लेस्टेशन दाखवला जातो आणि दुकानदार म्हणतो, “बिल नाही घेतलं तं दोन हजार कमी होतील, भाऊ.” इथे तीन गोष्टी पाहायच्या. डब्यावरचा मॉडेल क्रमांक : CFI नंतरच्या चार आकड्यांतील शेवटचे दोन ०८ असतील, तर यंत्र भारतासाठीचे आहे, उदाहरणार्थ CFI-2008. १५, १६ किंवा १८ असतील तर ते दुसऱ्या देशांसाठीचे, आणि भारतातली वॉरंटी धरून चालू नये. दुसरे, डब्यावरचा व यंत्रावरचा अनुक्रमांक सारखा असावा आणि बिलावरही तोच लिहून घ्यावा. तिसरे, बिलावरील पंधरा अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक. महाराष्ट्रात नोंदलेल्या दुकानाचा तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर Search Taxpayer येथे दुकानाचे नाव जुळते का हे तिथल्या तिथे फोनवर पाहता येते. दोन हजारांसाठी बिल सोडणाऱ्याची एक वर्षाची वॉरंटीही हातची जाऊ शकते.

जुने यंत्र घेताना ते दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी चालू करून, स्वतःच्या खात्याने लॉगिन करून, एक सीडी टाकून वीस मिनिटे खेळून पाहावे. कंपनीने नेटवर्कवरून बाद केलेले यंत्र लॉगिनच्या वेळीच उघडे पडते. पंख्याचा खडखडाट आणि सीडी पुन्हा पुन्हा बाहेर फेकली जाणे हेही तेवढ्या वेळात कळते.

सर्वांत फसवी वस्तू म्हणजे ‘गेम आयडी’. पाच हजारांचा खेळ आठशे रुपयांत देतो म्हणून विकणारा दुसऱ्या कुणाच्या खात्याचे नाव-पासवर्ड देतो. तेच खाते अनेकांना विकलेले असते. मूळ मालकाने पासवर्ड बदलला किंवा कंपनीने खाते गोठवले, की खेळ कुलूपबंद दिसतो आणि पैसे परत मागायला बिलही नसते.

बिल असेल आणि दुकानदार वॉरंटी नाकारत असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करावी. तोडगा निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तू मुंबईच्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेली असली, तरी अमरावतीचा माणूस अमरावतीत आणि अकोल्याचा अकोल्यात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रार शुल्क लागत नाही. सोबत बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि दुकानदाराशी झालेले लेखी संदेश जोडावेत.