गुरूची रुंदी, रुळांवरून मोजलेली

साल १९६०. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात तुम्ही पूर्व-पश्चिम टाकलेल्या रुळांजवळ उभे आहात. पश्चिमेला सिएरा नेवाडा, पूर्वेला व्हाइट माउंटन्स. शहरांचा रेडिओ-गोंगाट या डोंगरांनी अडवलेला. रुळांवर ९० फूट व्यासाच्या दोन तबकड्या आहेत, दोन्ही दक्षिणेकडे झुकलेल्या. गुरू सध्या धनू राशीत आहे आणि इथून तो क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर चढतो.

कंट्रोल रूममध्ये या. गुरूच्या मागावर आहेत दोन तरुण संशोधक: सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव व्ही. राधाकृष्णन आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्ट्स. ते ९६० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर तरंगलांबीवर ऐकत आहेत. गुरूच्या थंड ढगांकडून अपेक्षित असते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा या तरंगलांबीवर येते. पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे व्हॅन ॲलन पट्टे आहेत, तसेच गुरूभोवती असतील, असं १९५९मध्ये ड्रेक आणि ह्वाटम यांनी सुचवलं होतं. तसं असेल, तर रेडिओत गुरू डोळ्यांना दिसणाऱ्या बिंबापेक्षा मोठा भरला पाहिजे.

पण मोजणार कसं? एका तबकडीला आकाशाचा सुमारे ४८ कला रुंदीचा तुकडा एकत्रच दिसतो. गुरूचं बिंब जेमतेम ४६ विकलांचं, आणि एका कलेत ६० विकला असतात. एकट्या तबकडीला तो नुसता एक ठिपका.

म्हणून दोन तबकड्या. गुरूकडून आलेली लाट दोन्हींपर्यंत एकाच क्षणी पोचत नाही. एकीकडे जायला तिला थोडा जास्त पल्ला पडतो. हा फरक पूर्ण तरंगलांबीइतका असला की दोन्ही संकेत एकमेकांना बळ देतात, अर्ध्या तरंगलांबीइतका असला की एकमेकांना पुसतात. त्यामुळे आकाशावर कंगव्याच्या दातांसारखे, आलटून पालटून जोरदार आणि क्षीण असे पट्टे आखले जातात. दोन जोरदार पट्ट्यांमधलं अंतर काढायला तरंगलांबीला आधाररेषेने, म्हणजे तबकड्यांमधल्या अंतराने भागायचं.

तबकड्या ४०० फुटांवर, म्हणजे १२२ मीटरवर ठेवा. या अंतरात ३१ सेंटिमीटरच्या साधारण ३९० लाटा बसतात, म्हणून पट्ट्यांमधलं अंतर रेडियनच्या ३९०व्या भागाइतकं, सुमारे ८.८ कला. पृथ्वी फिरत असल्याने मध्यान्हरेषेजवळ गुरू साधारण ३८ सेकंदांत एक पट्टा ओलांडतो. लेखणी कागदावर तितक्याच वेळात एक हेलकावा काढते. आता आधाररेषा १६०० फूट करा. पट्टे चौपट दाट होतात: २.२ कला, म्हणजे १३२ विकला. हेलकावाही साडेनऊ सेकंदांवर येतो.

हेलकाव्याचा वेग आधाररेषा सांगते, पण स्रोताची रुंदी हेलकाव्याच्या उंचीत असते. स्रोत पट्ट्याच्या मानाने बारीक असेल, तर तो एका वेळी एकतर जोरदार भागात असतो किंवा क्षीण भागात, आणि लेखणी भरपूर उसळते. तोच स्रोत दोन जोरदार पट्ट्यांमधल्या अंतराइतका रुंद झाला की त्याचा एक भाग जोरदार पट्ट्यात असताना दुसरा क्षीण पट्ट्यात असतो. बेरीज जवळपास स्थिर राहते आणि हेलकावे मावळतात. म्हणून विभेदनाची मर्यादा आधाररेषा ठरवते, तबकडीचा आकार नव्हे.

१६०० फुटांवर दोन्ही शक्यता हिशोबात घालून पाहा. ऊर्जा ४६ विकलांच्या बिंबातूनच येत असेल, तर हेलकाव्याची उंची पूर्ण उंचीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहील. ती बिंबाच्या तिप्पट रुंद पट्टीत सारखी पसरली असेल, तर उंची शून्याजवळ येईल. चारशे फुटांवर हा फरक जेमतेम जाणवतो.

मात्र हेलकावे बारीक झाले म्हणून लगेच स्रोत रुंद ठरवू नका. तबकडी नेमकी रोखलेली नसेल किंवा दोन संकेतांच्या मार्गांतला वेळेचा फरक केबलने नीट भरून काढलेला नसेल, तरीही ते मावळतात. शहानिशा करायची तर त्याच आधाररेषेवर, ठाऊक असलेल्या बारीक आणि तेजस्वी स्रोताकडे तबकड्या वळवा. तिथले हेलकावेही खुजे निघाले तर दोष यंत्रात आहे. ते पूर्ण उंचीचे निघाले तर गुरूची घट खरी.

राधाकृष्णन आणि रॉबर्ट्स यांचा निष्कर्ष याच वर्षी प्रसिद्ध होतो: विषुववृत्ताच्या दिशेने रेडिओ-गुरू बिंबाच्या सुमारे तिप्पट रुंद आहे, आणि त्याच्या लहरी सुमारे ३० टक्के ध्रुवित आहेत. ढगांची उष्णता बिंबाच्या एवढी बाहेर जाऊ शकत नाही, आणि ती अशी ध्रुवितही नसते. चुंबकीय क्षेत्रात अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन हाच अर्थ उरतो.

हे रूळ पूर्व-पश्चिम आहेत आणि गुरूचं विषुववृत्त साधारण त्याच दिशेला पसरलेलं दिसतं, म्हणून मोजली गेली ती गुरूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-पट्ट्याची लांबी. तो उत्तर-दक्षिण किती जाड आहे, हे या आधाररेषेला कळत नाही. त्यासाठी तबकड्या उत्तर-दक्षिण रुळांवरच न्याव्या लागतील.