शारीरिक निर्बंधाची नोंद

बेभान झालेल्या रुग्णाचे हातपाय बांधावे लागले, तर ते का, कोणाच्या परवानगीने, कसे आणि किती वेळ बांधले, हे केस पेपरवर त्याच वेळी लिहून ठेवणे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 97 नुसार मानसिक आरोग्य आस्थापनांवर हे बंधन आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडांनी खाटांना बांधलेले 28 मनोरुग्ण जागीच अडकून मरण पावले. आता साखळीने बांधण्यास कलम 95 ने पूर्ण मनाई आहे. कापडी पट्ट्याही तेव्हाच वापरायच्या, जेव्हा तत्काळ होणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसतो. परवानगी उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची लागते. शिक्षा किंवा धाक म्हणून बांधता येत नाही, आणि वॉर्डात माणसे कमी आहेत एवढ्या कारणावरून तर नाहीच.

नोंद बिघडते ती बहुधा पहिल्याच ओळीत. ‘रुग्ण आक्रमक, हात बांधले’ एवढे लिहिलेले असते. ‘आक्रमक’ हा लिहिणाऱ्याचा निष्कर्ष झाला. रुग्णाने काय केले आणि तो काय बोलला, हे त्यातून कळत नाही.

दारू अचानक सुटल्यानंतर तिसऱ्या रात्री भ्रमात गेलेल्या एका पुरुष रुग्णाचे नमुन्यादाखल रचलेले उदाहरण पाहू. योग्य नोंद अशी असेल: रात्री 11.20, सलाइनची सुई उपटली, ‘भिंतीवर किडे आहेत’ असे ओरडत खाटेचा कठडा ओलांडला, अडवायला आलेल्या वॉर्डातल्या मामांना लाथ मारली. 11.25, दिवा लावला, भावाला जवळ बसवले, सिस्टरने नावाने हाक मारून तो कुठे आहे ते सांगितले. ब्लड शुगर 112, ऑक्सिजन 97 टक्के. ओटीपोट फुगलेले, लघवीचे भांडे दिल्यावर लघवी झाली, अस्वस्थता तशीच. 11.30, डॉक्टरांच्या आदेशाने लोराझेपाम 2 मिलिग्रॅम स्नायूत. 11.45, दुसऱ्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीकडे धावला, चौघांनी धरले.

शुगर, ऑक्सिजन आणि तुंबलेली लघवी यांचा उल्लेख पर्यायांच्या भागात येतो, त्याला कारण आहे. भ्रमातल्या माणसाला आपले काय दुखते ते सांगता येत नाही. मूत्राशय भरल्यानेही तो हातपाय झाडतो आणि मग भांड्याऐवजी त्याला पट्टे मिळतात. ‘समजावले, ऐकले नाही’ या वाक्याने यातले काहीच तपासल्याचे दिसत नाही.

पुढची नोंद: 11.50, मनोविकारतज्ज्ञांनी रुग्ण पाहून लेखी परवानगी दिली. दोन्ही मनगटे व घोटे, मऊ कापडी पट्टे. गाठ खाटेच्या चौकटीला, एका झटक्यात सुटणारी. रुग्ण उताणा, डोके उंच. 11.55, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी असलेल्या भावाला कळवले. कायदा यासाठी 24 तासांची मुदत देतो, पण भाऊ दारातच उभा असताना थांबायचे कशाला? गाठ कठड्याला मारली, तर कठडा खाली घेताना मनगट ओढले जाते. पालथे बांधले, तर श्वास कोंडू शकतो.

देखरेखीचा तक्ता साधारणतः दर 15 मिनिटांनी भरतात. बोटांचा रंग व ऊब, पट्ट्याखाली दोन बोटे जातात का, श्वास, शुद्ध, पाणी, लघवी हे त्यात येते. लोराझेपाम दिलेले असल्याने श्वास मोजणे इथे चुकवून चालत नाही. या रुग्णाच्या तक्त्यात 12.20 ला लिहिले जाईल: ‘उजव्या हाताची बोटे गार, नख दाबल्यावर रंग उशिरा परतला, पट्टा सैल केला, 12.25, बोटे उबदार. श्वास मिनिटाला 16.’ याउलट सकाळी एका बैठकीत भरलेला तक्ता लगेच ओळखू येतो. प्रत्येक रकान्यात ‘ठीक’, सगळीकडे तेच अक्षर, तीच शाई, आणि सिस्टर दुसऱ्या रुग्णाजवळ असल्याची नोंद आहे त्या वेळेलाही सही.

सर्वांत जास्त गळते ती सोडल्याची वेळ. बांधताना धावपळ होते, सगळ्यांचे लक्ष असते. रुग्ण शांत झाला की सारे पांगतात आणि पट्टे तसेच राहतात. ‘गरज पडल्यास बांधावे’ असा आगाऊ आदेश धोक्याचा, कारण त्याला सुरुवातही नसते आणि शेवटही. म्हणून आदेशातच फेरतपासणीची वेळ आणि सोडण्याची खूण लिहावी: हाकेला ओ देतो, सांगितलेले ऐकतो, उठून पळू पाहत नाही. इथे 1.05 ला पाय सोडले, 1.20 ला डावा हात, 1.35 ला उजवा. प्रत्येक वेळी मधली मिनिटे पाहण्यात गेली. त्यानंतर मनगटांवरचे वळ, त्वचा आणि बोटांची हालचाल तपासून लिहितात. एकूण अवधी 1 तास 45 मिनिटे. आस्थापना हा प्रसंग त्या महिन्याच्या अहवालात मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवते, आणि आस्थापना या तरतुदींकडे सतत आणि जाणूनबुजून दुर्लक्ष करत असल्याचे मत झाल्यास मंडळ तिला निर्बंध वापरणे थांबवण्याचा आदेश देऊ शकते.