गर्भलिंग-प्रकटन

सोनोग्राफीत दिसलेले गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने गर्भवतीस, तिच्या आप्तांस किंवा इतर कोणासही कळविणे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भजलपरीक्षेसारख्या प्रसूतिपूर्व तपासण्यांना कायद्याने मर्यादा घातली. असे लिंग कळविण्यास मनाई करणारा देशासाठीचा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

सुमारे १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत हृदय, मेंदू, कणा, मूत्रपिंडे पाहताना बहुधा लिंगही नजरेस येते. तेव्हा रुग्णाच्या शरीराविषयी जे कळले ते रुग्णास सांगावे, या वैद्यकधर्माच्या सामान्य नियमाला येथेच अपवाद का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, मुलगी असणे हा विकार नव्हे, त्यावर उपचार नाही, आणि महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली, त्या समाजात ही माहिती अनेकदा तिच्या गर्भपातासाठीच मागितली जात होती. मागणारी व्यक्तीही पुष्कळदा ती स्त्री नसते. म्हणूनच लिंगासाठी तपासणी झाली असता पती वा आप्तांनी तिला भाग पाडले असे कायदा, विरुद्ध पुरावा नसेल तर, गृहीत धरतो.

मौनाची खरी कसोटी रोगनिदानाशी लिंग निगडित असते तेव्हा लागते. समजा, गर्भाचे मूत्राशय फुगलेले, त्याची भिंत जाड, दोन्ही मूत्रपिंडे ताणलेली आणि गर्भजल घटलेले आहे. मूत्रमार्गातील पश्च झडपांचा संशय येतो. पण ही विकृती केवळ मुलग्यांत आढळत असल्यामुळे तिचे नाव उच्चारताच लिंग प्रकट होते. अशा वेळी अहवालात ‘मूत्राशयाच्या निर्गममार्गात अवरोध’ एवढेच लिहावे. कारण कुटुंबाला ज्यावर निर्णय घ्यायचा ते मूत्रपिंडांची स्थिती, गर्भजलाचे प्रमाण आणि त्यावर अवलंबून असणारी फुप्फुसांची वाढ हेच असते, आणि ते सारे, फेरतपासणी व बालशल्यविशारदाच्या सल्ल्यासह, त्यांना निःसंकोच सांगता येते. लिंगाशी निगडित आनुवंशिक रोगांची तपासणी कायद्याला मान्य आहे. तेथेही गर्भ रोगबाधित आहे की नाही, हेच सांगावयाचे.

प्रत्येक तपासणीचा ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. त्यात लिंग सांगितले नाही असे डॉक्टर आणि जाणून घ्यावयाचे नाही असे गर्भवती लिहून देते. हा दस्तऐवज अपुरा ठेवणे हेही उल्लंघन ठरते, ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरविली. या धाकाने काही डॉक्टर कायदेशीर गर्भपातासही नकार देतात. ते सर्वथा गैर होय. हा निर्बंध लिंगनिवडीवर आहे, स्त्रीच्या गर्भपाताच्या हक्कावर नाही, आणि त्या हक्काचे नियमन १९७१ चा स्वतंत्र अधिनियम करतो.