पंच्याऐंशी पेट्या

वसुबारसेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पुण्यातल्या एका फराळवाल्याकडे 85 पेट्यांचे पैसे जमा होते आणि चकलीचं एकही पाकीट उरलं नव्हतं. सुरुवात आदल्या रात्री झाली.

रात्री 9.20. सॉफ्टवेअरमध्ये नवा कॉम्बो भरला जातो. एका पेटीत चकलीची 2 पाकिटं, चिवडा 1, लाडवांचा डबा 1. `Qty` या रकान्यात प्रत्येक घटकापुढे आपोआप 1 येतो. चकलीपुढचा 1 तसाच राहतो.

रात्री 9.25. शिल्लक: चकली 240, चिवडा 300, लाडू 180. जो घटक आधी संपेल, तितक्याच पेट्या. खऱ्या हिशोबाने चकलीवर अडून 120. स्क्रीन लाडवांवर अडते आणि 180 दाखवते. कागदावर 240 भागिले 2 कोणी करत नाही.

सकाळी 8.00. विक्री सुरू. दर पेटीमागे स्क्रीनवर चकलीचं एकच पाकीट वजा होतं.

सकाळी 11.00. ऑर्डरी 60, भरलेल्या पेट्या 30. पॅकिंगचा मुलगा म्हणतो, "शेठ, चकली लवकर उतरतेय." मालक रॅक मोजतात: 180. स्क्रीनवरही 180. ते निर्धास्त होतात. पण स्क्रीन ऑर्डर येताच वजा करते आणि रॅक पेटी भरल्यावर रिकामा होतो. 30 पेट्या भरायच्या बाकी असताना रॅकवर 210 हवी होती. आकडे जुळले, हीच चूक दिसण्याची जागा होती.

दुपारी 1.00. ऑर्डरी 90. एका सोसायटीला चकलीची 50 सुटी पाकिटं हवी आहेत. स्क्रीनवर 150 आहेत. होकार जातो, अर्ध्या तासात माल रिक्षातून रवाना होतो. घेतलेल्या ऑर्डरी सोडून आता खरी शिल्लक 10.

दुपारी 1.50. 95वी ऑर्डर. भरून देता येईल अशी ही शेवटची.

दुपारी 4.00. ऑर्डरी 140, भरलेल्या पेट्या 80. रॅकवर चकली 30, स्क्रीनवर 50. "आत एखादं खोकं असेल, बघ." आत खोकं नसतं. तेवढ्यात कुरिअरवाला येतो आणि विषय राहून जातो.

संध्याकाळी 6.10. 180वी पेटी विकली जाते. लाडू शून्य झाल्याने कॉम्बो आपोआप बंद. स्क्रीनवर चकली अजून 10.

संध्याकाळी 7.30. 95 पेट्या भरून होतात. रॅक रिकामा. बाकी 85 पेट्यांना 170 पाकिटं लागणार. भाजणी संपलेली आहे.

रात्री 8.05. मालक कॉम्बो उघडतात आणि चकलीपुढचा 1 खोडून 2 करतात. बदल पुढच्या ऑर्डरींना लागू होतो, झालेल्यांना नाही.

रात्री 8.15. पहिला फोन लागतो. टेबलावर 85 उघड्या पेट्या आहेत. प्रत्येकीत चिवडा, लाडू आणि दोन रिकामे कप्पे.