थेव्हेनिन समतुल्य उद्गम : चाचणी उद्गमाची पद्धत

कोणतेही रेषीय रोधक-मंडल त्याच्या दोन अग्रांशी जोडलेल्या भाराला एक विद्युत् दाब आणि त्याच्याशी एकसरीत असलेला एक रोध असे भासते, हा सिद्धांत फ्रेंच तार अभियंता लेओं शार्ल थेव्हेनिन याने १८८३ मध्ये मांडला. हेल्महोल्ट्झने तो १८५३ मध्येच दिला होता. मंडलात परावलंबी उद्गम असेल, म्हणजे ज्याचे मूल्य मंडलातीलच दाबावर वा प्रवाहावर ठरते असा उद्गम असेल, तर केवळ रोधकांची जुळणी करून हा रोध मिळत नाही. अशा वेळी स्वतंत्र उद्गम शून्य करतात (दाब-उद्गमाच्या जागी जोडतार, प्रवाह-उद्गमाच्या जागी खुले मंडल), परावलंबी उद्गम मात्र तसाच ठेवून अग्रांवर १ अँपिअरचा चाचणी प्रवाह सोडतात. तेथे उद्भवणाऱ्या दाबाचा व्होल्टमधील आकडा हाच ओहममधील रोध होय.

समजा, १२ व्होल्टचा उद्गम ६ ओहममधून ‘अ’ बिंदूला जोडला आहे, ‘अ’ व भूमी यांच्यात ३ ओहमचा रोधक आहे आणि ‘अ’वरील दाबाच्या ०.२५ पट अँपिअर इतका प्रवाह परावलंबी उद्गम ‘अ’मध्ये सोडतो. उद्गम शून्य केल्यावर

v/६ + v/३ − v/४ = १

यावरून v = ४, म्हणजे रोध ४ ओहम येतो; परावलंबी उद्गमही काढून टाकणाऱ्याला तो चुकून २ ओहम मिळतो. भाराविना दाब ८ व्होल्ट असल्याने ४ ओहमच्या भारावर ४ व्होल्ट पडतात, आणि मूळ मंडलातील प्रवाहांची बेरीज करूनही हेच उत्तर येते. गुणक ०.५ हून अधिक झाल्यास रोध ऋण येतो. ती गणिताची चूक नसून परावलंबी उद्गम ऊर्जा पुरवीत असल्याची खूण असते. मंडलात स्वतंत्र उद्गमच नसल्यास खुला दाब व लघुमंडल प्रवाह दोन्ही शून्य असतात, त्यांचा भागाकार निरर्थक ठरतो आणि चाचणी उद्गमाचाच आधार घ्यावा लागतो.